ॲपमध्ये ३९० युनिट, बिलावर २४०: मधले १५० गेले कुठे?

सोलरची बचत समजावणाऱ्या व्हिडिओंच्या स्क्रिप्ट एकाच जागी चुकतात. पॅनेलवर तयार झालेले युनिट आणि बिलावर ‘निर्यात’ म्हणून छापलेले युनिट त्यात एकच धरलेले असतात. पुढे घणसोलीच्या रो-हाऊसमधले काका इन्व्हर्टरचं ॲप आणि महावितरणचं बिल शेजारी ठेवतात आणि विचारतात, “माझे दीडशे युनिट कुणी खाल्ले?” प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर स्क्रिप्टमध्येच हवं.

किलोवॅट म्हणजे पॅनेलची ताकद आणि युनिट म्हणजे त्यातून निघालेली वीज, हे बहुतेकांना ठाऊक असतं. एका वाक्यात सांगून पुढे जा.

आता वीज जाते कशी ते पाहू. सकाळी अकराला छतावर २ किलोवॅट वीज बनते आहे, घरात फ्रीज, पंखे आणि वॉशिंग मशीन मिळून ०.८ लागतात. तेवढी वीज आधी घरातच वापरली जाते आणि उरलेली १.२ नेट मीटरमधून बाहेर जाते. मीटर बसलेला असतो घर आणि खांबावरची लाईन यांच्या मध्ये. घरातल्या घरात संपलेली वीज त्याच्यापर्यंत पोचतच नाही, मग तो ती मोजणार कशी? ॲप सगळं उत्पादन मोजतं, मीटर फक्त दाराबाहेर गेलेलं आणि दारातून आत आलेलं.

३ किलोवॅटच्या घराचा एप्रिल घेऊ. ॲपवर उत्पादन ३९०, बिलावर निर्यात २४०, आयात २१०. ३९० मधून २४० वजा केले की १५० उरतात. ते चोरीला गेलेले नाहीत, दिवसा तुमच्याच घरात वापरले गेले. त्यात आयातीचे २१० मिळवा, घराचा खरा वापर ३६० युनिट. हा आकडा गेल्या वर्षीच्या एप्रिलच्या बिलाशी ताडून पाहा. जवळपास जुळला तर हिशेब बरोबर आहे. ही वजाबाकी आणि बेरीज पडद्यावर हाताने लिहून दाखवा, ग्राफिक फिरवू नका.

याच घोळातून बचतीचा फुगवलेला आकडा येतो. उत्पादनाला सगळ्यात वरच्या स्लॅबच्या दराने गुणतात. समजण्यापुरते सोपे दर धरू: पहिल्या १०० युनिटांना ६ रुपये, पुढच्या २०० ना १२, त्यावर १६. फुगवलेला हिशेब ३९० गुणिले १६, म्हणजे ६,२४० रुपये. पण घराने वापरलेच ३६० युनिट. त्यांचं जुनं बिल ६०० अधिक २,४०० अधिक ९६०, म्हणजे ३,९६० रुपये. खरी बचत तेवढीच, आणि वर ३० युनिट पुढच्या महिन्यासाठी जमा. प्रत्यक्ष स्क्रिप्टमध्ये त्या ग्राहकाच्या ताज्या बिलावरचेच दर घाला. स्थिर आकार मात्र दर महिन्याला येणारच, म्हणून ‘झिरो बिल’ हे शब्द स्क्रिप्टमधून काढून टाका. पहिल्याच बिलाला ग्राहकाचा विश्वास उडतो तो या दोन शब्दांमुळे.

ठाण्या-नवी मुंबईच्या पावसाळ्याचा महिना दाखवल्याशिवाय व्हिडिओ पुरा करू नये. जुलैमध्ये उत्पादन २०० वर आलं, त्यातले ९० घरात वापरले आणि ११० बाहेर गेले. आयात २६०. निव्वळ १५०, त्यातून जमेतले ३० वजा (मे-जूनमध्ये ते तसेच राहिले असं धरू), बिल १२० युनिटांचं. आपल्या दराने ८४० रुपये. सोलर नसतं तर ३५० युनिटांचे ३,८०० झाले असते. जमा युनिटांचा हिशेब ३१ मार्चला संपतो आणि उरलेल्यांना तुमच्या बिलाच्या दरापेक्षा बराच कमी दर मिळतो. म्हणून गरजेपेक्षा मोठी सिस्टीम गळ्यात मारणं मला पटत नाही.

तरीही आकडे जुळले नाहीत तर आधी तारखा पाहा. ॲपचा महिना १ तारखेला सुरू होतो, बिलाचा रीडिंगच्या दिवशी. रीडिंगच्या दोन तारखांमधलंच उत्पादन ॲपमधून काढा.

तेही करून फरक राहिला तर कडक उन्हाच्या दुपारी घरातल्या उपकरणांचे एमसीबी पाडा. मेन स्विच आणि सोलरचा एमसीबी चालूच ठेवा, कारण लाईन तुटली की इन्व्हर्टरही थांबतो. मीटरवरचं निर्यातीचं रीडिंग आणि ॲपवरचं दिवसाचं उत्पादन टिपा, तासाभराने दोन्ही पुन्हा टिपा. आता घरात वापर नाही, त्यामुळे ॲपवर २ युनिट वाढले तर मीटरवरही जवळपास तेवढेच वाढायला हवेत. मीटरवर ते वाढलेच नाहीत तर दोन्ही वेळच्या रीडिंगचे फोटो जोडून मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या. मीटरवर वाढले पण बिलावर आले नाहीत, तर चूक रीडिंगच्या नोंदीत आहे, तेव्हा तक्रार बिल दुरुस्तीची करा.