रविवारची भरपाई सोमवारी भोवते

‘हिवाळ्यात शरीर जास्त झोप मागतं. सुट्टीला दहापर्यंत झोपलं की थकवा भरून निघतो ना?’

नाही, बहुतेकदा तो वाढतो. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. रोज सातला उठणारा रविवारी दहाला उठला, की तो उजेड हुकतो, घड्याळ मागे पडतं. रात्री अकराला झोप येत नाही आणि सोमवारी सातचा गजर शरीराला पहाटेचा वाटतो. म्हणून उठायची वेळ सुट्टीलाही तीच ठेवा आणि उजाडताच अर्धा तास बाहेर पडा. ढगाळ आकाशाचा उजेडही घरातल्या दिव्यांच्या कित्येक पट असतो, डोळ्यांना मात्र तो फरक जाणवत नाही. दोन आठवडे उदासीही टिकली, तर डॉक्टरांना दाखवाच.