एकाच शर्यतीत दोन वेगळी अपंगत्वं कशी?

"पॅरा जलतरणात एकाला दोन्ही हात नाहीत, शेजारच्या लेनमध्ये फक्त उंची कमी असलेला. ज्याचं अपंगत्व सारखं त्यांचाच गट असतो ना?"

नाही. निदान फक्त दार उघडतं, म्हणजे पात्रता ठरवतं. शारीरिक अपंगत्वात गट ठरतो तो पोहण्यावर किती परिणाम होतो यावरून. म्हणून एस६ गटात हे दोघंही सापडतात. एकाकडे ओढायला हात नाहीत, पण पायांची लाथ जोरदार. दुसऱ्याचे चारही अवयव चालतात, पण आखूड.

परीक्षक आधी बाकावर स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल किंवा अवयवांची लांबी तपासून गुण देतात, मग पाण्यात उतरवतात, आणि पुढे प्रत्यक्ष शर्यतीतही नजर ठेवतात. तपासणीत हात उचलत नाही आणि शर्यतीत सफाईने फिरतो, तर संशय येणारच.

शारीरिक गट एस१ ते एस१०. आकडा जितका लहान तितकी मर्यादा जास्त. ब्रेस्टस्ट्रोकसाठी मात्र एसबी हा वेगळा आकडा, कारण तिथे पायांचा वाटा मोठा. त्यामुळे एकाच खेळाडूचे दोन आकडे दिसले तर ती छपाईची चूक समजू नका. दृष्टिदोषाचे एस११ ते एस१३ मात्र खरोखरच वेगळे असतात.