यलो फीव्हरची लस आणि मलेरियाच्या गोळ्या: दोन्ही डासांसाठीच, पण काम वेगळं

लस घेतली ना मग गोळ्या कशाला, असं खूप जण विचारतात. आजार दोन्ही डासांमुळेच होतात म्हणून गोंधळ होतो, पण यलो फीव्हर हा व्हायरस आहे, तो पसरवणारा एडिस डास मुख्यतः दिवसा चावतो, आणि मलेरियाचा परजीवी अ‍ॅनोफिलिस डासातून येतो, तो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. एकाची लस दुसऱ्यावर काहीच काम करत नाही.

समजा २० तारखेला घानाला पोचायचंय, १४ दिवस राहायचंय. तिथे एंट्रीला यलो फीव्हरचं सर्टिफिकेट मागतात आणि ते लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, म्हणजे १० तारखेच्या आत लस घ्यायलाच हवी, ११ला घेतली तर एअरपोर्टवर अडकू शकता. एक डोस पुरतो, २०१६ पासून सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. पिवळं बुकलेट हातात आलं की तिथेच उभं राहून नाव पासपोर्टसारखंच आहे का, तारीख, बॅच नंबर, सही, शिक्का सगळं आहे का ते बघा, घरी येऊन चूक सापडली तर परत चक्कर.

गोळ्यांचं मात्र कुठलंच सर्टिफिकेट नसतं, तिथे डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन हाच कागद. आणि लोक चुकतात ते परत आल्यावर, कारण घरी आलो म्हणजे झालं असं वाटतं, पण परजीवी लिव्हरमध्ये आणि रक्तात असू शकतो म्हणून कोर्स पुढे चालू ठेवावा लागतो. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल दिली असेल तर आदल्या दिवसापासून रोज एक आणि तिथून निघाल्यावर ७ दिवस, म्हणजे १+१४+७ अशा २२ गोळ्या. डॉक्सिसायक्लिन असेल तर नंतरचे दिवस २८, म्हणजे ४३ गोळ्या. कुठली घ्यायची ते डॉक्टरच ठरवणार, प्रेग्नन्सीत आणि लहान मुलांना डॉक्सिसायक्लिन सहसा देत नाहीत. गोळ्या घेऊनही मलेरिया होऊ शकतो, त्यामुळे रिपेलंट आणि मच्छरदाणी हवीच, आणि आल्यावर काही महिन्यांतही ताप आला तर कुठे जाऊन आलो ते डॉक्टरांना आधी सांगायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तुमची रोजची औषधं. यलो फीव्हरची लस जिवंत पण कमजोर केलेल्या व्हायरसची असते, म्हणून स्टेरॉइडचा मोठा डोस किंवा इम्युनिटी दाबणारी औषधं चालू असतील तर ती धोक्याची ठरू शकते. साठी ओलांडलेल्यांनी आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनीही आधी विचारून घ्यावं. लस देता येत नसेल तर डॉक्टर तसं एक्झम्प्शन लेटर देतात, पण ते मान्य करायचं की नाही हे त्या देशाच्या हातात, म्हणून तिकिटाआधीच एम्बसीला विचारा.

आणि ही रोजची औषधं मलेरियाच्या गोळ्यांबरोबर हँडबॅगेतच ठेवा, ओरिजिनल पॅकिंगमध्ये, प्रिस्क्रिप्शनवर जेनेरिक नाव आणि डोस लिहून घेऊन, कारण ब्रँडचं नाव दुसऱ्या देशात कोणालाच कळत नाही. झोपेच्या किंवा कोडीनवाल्या गोळ्या असतील तर काही देशांत आधी परमिट लागतं, त्याची चौकशी एम्बसीच्या त्याच फोनमध्ये करून टाका.