रक्तवमन

रक्तवमन (रक्ताची उलटी) : अन्ननलिका, जठर किंवा ग्रहणी (लहान आतड्याचा पहिला भाग) यांत रक्तस्राव होऊन ते रक्त उलटीवाटे बाहेर पडणे. रक्त ताजे लाल, गुठळ्यांचे किंवा काळपट तपकिरी व कणीदार असू शकते. ही तातडीची अवस्था मानतात. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला तोंडाने काहीही न देणे हा घरच्या मंडळींच्या हातातला महत्त्वाचा उपाय असून प्रस्तुत नोंदीत त्यावर भर दिला आहे.

संज्ञा व स्वरूप : आयुर्वेदातील ‘रक्तपित्त’ ही संज्ञा रक्तवमनासाठी पुष्कळदा वापरली जाते, पण ती अधिक व्यापक आहे. ऊर्ध्वग रक्तपित्तात नाक, कान, डोळे व मुख या सर्व मार्गांनी होणारा रक्तस्राव येतो, म्हणजे साधा घोळणा फुटणेही त्यात बसते. त्यामुळे चरकसंहितेत ऊर्ध्वग प्रकार ‘साध्य’ म्हटला आहे, एवढ्यावरून रक्ताच्या उलटीला सौम्य समजणे योग्य नाही. येथे ‘रक्तवमन’ हीच मर्यादित संज्ञा स्वीकारली आहे.

काळपट उलटीला ‘कॉफीच्या चोथ्यासारखी’ म्हणण्याचा वैद्यकातील प्रघात पाश्चात्त्य आहे. आपल्याकडे कॉफी बहुधा विरघळणाऱ्या भुकटीची असल्याने हा चोथा अनेकांनी पाहिलेलाच नसतो. गाळणीत उरलेल्या चहाच्या चोथ्याची उपमा जवळची ठरते : ओलसर, गडद तपकिरी, बारीक कण पाण्यात तरंगत असलेले. रक्त जठरात काही काळ राहिले की तेथील हायड्रोक्लोरिक अम्लामुळे हीमोग्लोबिनाचे हीमॅटिन बनते आणि हा रंग येतो. असा रंग दिसला तर रक्तस्राव मंद असण्याची किंवा थांबलेला असण्याची शक्यता अधिक असते, पण खात्री नसते. तासाभरात त्याच रुग्णाला लालभडक उलटी होऊ शकते. खोकल्यातून येणारे रक्त बहुधा फेसाळ व लाल असते आणि त्यात अन्नाचे कण नसतात. बीट खाल्ल्यावरची उलटीही लाल दिसते. शंका असेल तेव्हा रक्तच समजून चालावे.

कारणे : पचनव्रण (अल्सर) हे प्रमुख कारण. त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्ग किंवा अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे असतात. यकृत सूत्रणरोगात (सिऱ्हॉसिसमध्ये) अन्ननलिकेतील नीला फुगतात व त्या फुटल्यास पुष्कळ लाल रक्त एकदम पडते. जोराच्या ओकाऱ्यांनी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चीर पडणे हे आणखी एक कारण; मॅलरी व वाइस यांनी 1929 मध्ये त्याचे वर्णन केले.

उपवासाचा प्रश्न : रक्तवमनात रुग्णाला उपाशी ठेवण्याची प्रथा जुनी आहे, पण तिचे कारण बदलले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जठराला विश्रांती मिळून व्रण भरावा म्हणून कित्येक दिवस उपास घडवीत. कोपनहेगन येथील मॉयलेनग्राख्ट यांनी 1930 नंतरच्या दशकात रक्तस्रावी व्रणाच्या रुग्णांना पहिल्या दिवसापासून मऊ, पोटभर आहार दिला व मृत्यूंचे प्रमाण कमी असल्याचे दाखवले. दीर्घ उपासाने व्रण बरा होतो हे मत त्यानंतर मागे पडले, आणि ते योग्यच झाले. आजचा उपास काही तासांचा असतो. त्याचा हेतू व्रण बरा करणे हा नसून श्वासमार्ग सुरक्षित ठेवणे आणि दुर्बिणीच्या तपासणीची (एंडोस्कोपीची) वाट मोकळी ठेवणे हा आहे.

भरलेले जठर पुन्हा उलटी घडवते. रक्तदाब उतरून ग्लानी आली असेल किंवा तपासणीसाठी गुंगीचे औषध दिले असेल, तर घशाचा संरक्षक प्रतिक्षेप मंदावतो आणि जठरातील द्रव फुप्फुसात उतरू शकतो. यकृताच्या रुग्णाला हा धोका अधिक, कारण आतड्यात गेलेल्या रक्तापासून अमोनिया तयार होऊन त्याची शुद्ध हरपू शकते. दुसरी बाब दृश्याची. दूध जठरात फाटून गठ्ठे होतात. पांढरी पित्तशामक द्रवौषधे अस्तरावर थर धरतात. नेमकी रक्त येणारी जागा त्याखाली झाकली जाते आणि तेथे क्लिप बसवणे अवघड होते. नियोजित शस्त्रक्रियेआधी हलक्या आहारानंतर 6 तास व पाण्यानंतर 2 तास थांबतात. रक्तस्रावात हे आकडे भरवशाचे नसतात, कारण पोटात रक्त साचतच असते. म्हणून काही वेळा दुर्बिणीआधी एरिथ्रोमायसिन शिरेतून देऊन जठर पुढे रिकामे करतात.

‘थंडाव्यासाठी’ बर्फ, कोकम सरबत किंवा गार दूध देण्याची पद्धत घरोघरी आढळते. बर्फाने जठरातील रक्त थांबत नाही. तोंडाला कोरड पडल्यास ओठांवर ओला कापूस फिरवावा. शुद्ध हरपलेल्या मधुमेही रुग्णाच्याही तोंडात साखर घालू नये. मधुमेह असल्याचे रुग्णवाहिकेच्या डॉक्टरांना आधी सांगावे.

वाट पाहताना : महाराष्ट्रात 108 किंवा 112 या क्रमांकावर कळवावे. रुग्णाला डाव्या कुशीवर, तोंड किंचित खाली झुकलेले राहील असे निजवावे. या स्थितीत जठराचा मोठा फुगीर भाग खाली राहतो आणि उलटी झाली तरी ती तोंडाबाहेर पडते. उताणे निजवू नये. दम लागत असेल व तो शुद्धीवर असेल, तर पुढे झुकवून बसवता येते. शौचाला जाण्याची इच्छा हे आतड्यात रक्त उतरल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी उठून चालताना रुग्ण संडासात कोसळण्याचा धोका असतो. भांडे जागेवरच द्यावे. दुचाकीवर मध्ये बसवून नेणे टाळावे.

समजा, गुडघेदुखीसाठी दहा दिवस डायक्लोफिनॅक आणि हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या साठीच्या गृहस्थाला रात्री 11 वाजता चोथ्यासारखी उलटी झाली. जेवण साडेआठला झाले होते. कागदावर या दोन्ही वेळा, उलटीचा अंदाज (‘चहाचे दोन कप’) आणि नाडी लिहावी. उलटीचा फोटो घ्यावा. नाडी मिनिटाला 112, हात गार व घामट, उठताच चक्कर, म्हणजे उलटीत दिसले त्यापेक्षा जास्त रक्त गेले आहे. मात्र बीटारोधक औषध घेणाऱ्याची नाडी वाढत नाही. तेथे फिकटपणा व चक्कर यांकडे पाहावे. गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत द्यावीत. रात्रीची अ‍ॅस्पिरिन आता देऊ नये. ती पुढे चालू ठेवायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, विशेषतः स्टेंट बसवलेला असल्यास. रुग्णालयात पहिल्या तपासणीत हीमोग्लोबिन 11 आले तरी ते फसवे असते. रक्त व द्रव एकदमच गेल्याने प्रमाण आधी तसेच राहते, आणि सलाइन व शरीरातील पाणी मिसळल्यावर दुसऱ्या सकाळी ते 8 भरू शकते.

रुग्णाचा रक्तदाब सावरल्यावर दुर्बिणीची तपासणी सामान्यतः 24 तासांच्या आत करतात; नीला फुटल्याचा संशय असल्यास 12 तासांच्या आत. पुन्हा खाणे केव्हा सुरू करायचे हे आत काय दिसले त्यावर ठरते. व्रणाचा तळ स्वच्छ असल्यास त्याच दिवशी जेवण देतात. रक्तवाहिनी उघडी दिसून तिच्यावर उपचार केले असल्यास काही काळ फक्त पातळ पदार्थ देतात.