निवडीबरोबर बदलणारे आलेखाचे शीर्षक

कोल्हापूर जिल्ह्याच्या बारा तालुक्यांतील दैनंदिन पावसाच्या नोंदी एक्सेलमध्ये ठेवल्या आहेत, त्यांवरून पिव्होट टेबल म्हणजे नोंदींचा गटवार सारांश करणारा तक्ता बनवून महिनावार स्तंभालेख काढला आहे आणि शेजारी तालुका निवडण्यासाठी स्लायसर म्हणजे बटणांची पट्टी लावली आहे, असे समजू. गगनबावडा निवडला की जून ते सप्टेंबरचे चार स्तंभ दिसतात आणि शिरोळ निवडला की पुन्हा चारच स्तंभ दिसतात. पावसाचा जोर दोन्हीकडे जुलैतच अधिक असल्यास दोन्ही आलेखांची ठेवणही सारखीच भासते. सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यात शिरोळच्या कित्येक पट पाऊस पडतो, पण उभ्या अक्षाची मापे एक्सेल आपोआप ठरवत असल्याने एकदा अक्ष दोन हजार मिलिमीटरपर्यंत जातो, तर एकदा दोनशेपर्यंतच, आणि स्तंभांची उंची मात्र पडद्यावर जवळजवळ तेवढीच राहते. अशा वेळी वर ‘कोल्हापूर जिल्हा : मासिक पाऊस’ हे एकच शीर्षक कायम राहिले, तर आपण कोणता तालुका पाहत आहोत हे केवळ बटणाच्या रंगावरून कळते, आणि आलेखाचे चित्र कोणी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवले की ते बटणही मागेच राहते.

यातून होणारा गैरसमज किरकोळ नसतो. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीला होतो, आणि तिथे येणारे पुराचे पाणी बहुतांशी वरच्या भागात पडलेल्या पावसाचे असते. शिरोळचा आलेख जिल्ह्याचा समजून वाचणाऱ्याला धोका नाही असे वाटेल, आणि गगनबावड्याचा आलेख शिरोळचा समजणारा विनाकारण घाबरेल. म्हणून शीर्षक हे आलेखाइतकेच निवडीशी बांधलेले असले पाहिजे.

एक्सेलमध्ये ही बांधणी दोन टप्प्यांत होते. आलेखाच्या शीर्षकात सूत्र थेट लिहिता येत नाही. त्याला फक्त एका पेशीचा पत्ता देता येतो. त्यामुळे शीर्षकाचे वाक्य आधी एखाद्या पेशीत तयार करायचे, मग आलेखाच्या शीर्षकावर क्लिक करून वरच्या सूत्रपट्टीत `=Madat!$D$1` असे लिहून एंटर दाबायचे. येथे Madat हे मदतीच्या पानाचे नाव आहे. त्यानंतर पेशीतील मजकूर बदलला की शीर्षकही बदलते.

खरा प्रश्न असा की, स्लायसरवर काय निवडले आहे हे त्या पेशीला कसे कळावे? त्यासाठी मदतीच्या पानावर दुसरे छोटे पिव्होट टेबल करावे, त्याच्या ओळींत फक्त तालुका हे क्षेत्र ठेवावे, एकूण बेरजेची ओळ बंद करावी आणि स्लायसरच्या Report Connections मध्ये जाऊन तोच स्लायसर दोन्ही टेबलांना जोडावा. महिन्यासाठी वेगळा स्लायसर असेल तर तोही असाच जोडावा. आता निवडलेल्या तालुक्यांची नावे या टेबलात आपोआप उमटतात आणि त्यांच्यावरून मजकूर बनवता येतो:

```
=LET(n, COUNTA(Madat!A4:A15),
 IF(n=0, "निवडीसाठी नोंद नाही",
 IF(n=12, "सर्व 12 तालुके",
 IF(n<=3, TEXTJOIN(", ",TRUE,Madat!A4:A15),
 n & " तालुके"))))
```

तीनपर्यंत नावे असतील तर ती पूर्ण लिहिली जातात, त्याहून अधिक असतील तर संख्या येते. ही मर्यादा केवळ देखणेपणासाठी नाही, कारण पेशीला जोडलेल्या शीर्षकात एक्सेल 255 अक्षरांपुढचा मजकूर दाखवत नाही, आणि देवनागरीतील काना-मात्राही या हिशेबात स्वतंत्र अक्षर म्हणून धरल्या जातात. ‘गगनबावडा’ डोळ्यांना सहा अक्षरांचा दिसतो, पण `LEN` त्याची लांबी आठ सांगते.

मराठीत एक काळजी आणखी घ्यावी लागते. ‘पन्हाळा’ या नावाला सूत्राने ‘तील’ चिकटवले तर ‘पन्हाळातील’ असे अशुद्ध रूप होते, कारण सामान्यरूप करणे सूत्राला ठाऊक नसते. नाव जसेच्या तसे ठेवून पुढे ‘:’ हे अपूर्णविरामाचे चिन्ह द्यावे, किंवा ‘तालुक्यातील’ हा शब्द जोडावा. दोन्ही रीतींनी शीर्षक कोणत्याही नावाला शुद्ध राहते.

मदतीच्या टेबलावरून नावे घेण्याचा एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. गगनबावडा आणि आजरा हे दोन तालुके निवडले, पण निवडलेल्या महिन्यात आजऱ्याची एकही नोंद भरलेली नसेल, तर टेबलात फक्त गगनबावडा उरतो आणि शीर्षकातही तेवढेच नाव येते. काहींना हा दोष वाटतो. माझ्या मते हेच योग्य आहे, कारण शीर्षकाने वाचकाची मागणी सांगायची नसून प्रत्यक्ष आलेखात काय आहे ते सांगायचे असते. मात्र त्या सूत्रातील मूळ माहिती मदतीच्या पिव्होटमधून न घेता नोंदींच्या तक्त्यातून परस्पर घेतली, तर नवी नोंद भरल्यावर Refresh करेपर्यंत शीर्षक पुढे आणि आलेख मागे असा विसंवाद निर्माण होतो.

नावापेक्षाही अधिक फसवणारी गोष्ट म्हणजे स्तंभ कशाची उंची दाखवतो ती. पिव्होट टेबल आकड्यांची सहसा बेरीज करते. उदाहरणापुरते समजा, जुलैत तीन तालुक्यांत 1500, 400 आणि 150 मिलिमीटर पाऊस झाला. तिन्ही निवडले की स्तंभ 2050 दाखवतो, पण इतका पाऊस तिन्हींपैकी कुठेच पडलेला नाही. म्हणून बेरजेऐवजी Average निवडावे, तर टेबल तीन तालुक्यांच्या 31 दिवसांच्या मिळून 93 नोंदींची सरासरी काढते आणि स्तंभ सुमारे 22 दाखवतो, जो एका दिवसाचा आकडा आहे. वाचकाला बहुधा हवी असते ती तालुक्यांची मासिक सरासरी, म्हणजे सुमारे 683, आणि ती मिळवण्यासाठी बेरजेला तालुक्यांच्या संख्येने भागावे लागते. एकच तालुका निवडला असताना बेरीज आणि मासिक सरासरी सारखीच येत असल्याने ही चूक चाचणीत सुटते. म्हणून ‘n’ एक असताना शीर्षकात ‘मासिक एकूण पाऊस’ आणि त्याहून अधिक असताना ‘तालुक्यांची मासिक सरासरी’ असे शब्द आले पाहिजेत, आणि ते शब्द ठरवणारे सूत्र आणि स्तंभाचे गणित दोन्ही त्याच ‘n’ वर चालले पाहिजे.

तिसरा घटक तारखेचा आहे. नोंदी 15 ऑगस्टपर्यंतच भरलेल्या असतील तर ऑगस्टचा स्तंभ ठेंगणा दिसतो आणि पाऊस ओसरला असा अर्थ निघतो. आणखी एका छोट्या पिव्होटमध्ये तारखेचे Max घेऊन त्या स्लायसरला जोडले, की शीर्षकाच्या शेवटी `TEXT` वापरून ‘नोंदी 15-08 पर्यंत’ अशी जोड देता येते. ही तारीख निवडलेल्या तालुक्यांची असते, संपूर्ण तक्त्याची नव्हे, हे ध्यानात ठेवावे. एका तालुक्याच्या नोंदी मागे राहिल्या असतील तर तो एकटा निवडल्यावरच ते उघड होते, आणि अनेक तालुक्यांत Max ती उणीव झाकते. म्हणून एकाहून अधिक तालुके असताना प्रत्येक तालुक्याची शेवटची तारीख काढून त्यांतील सर्वांत जुनी तारीख लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

तपासणी करताना प्रथम एक तालुका, नंतर तीन, नंतर चार, मग सर्व बारा, आणि शेवटी मुद्दाम तालुका आणि महिना यांची अशी जोडी निवडावी की जिची एकही नोंद नाही. प्रत्येक वेळी बटणांची पट्टी हाताने झाकून केवळ आलेख आणि शीर्षक पाहावे, आणि त्यांवरून निवड ओळखता येते का ते तपासावे. तीनवरून चारवर जाताना नावे जाऊन ‘4 तालुके’ असे लिहिले जाते, तेव्हा ते चार कोणते हे शीर्षकातून कळत नाही. आलेख बाहेर पाठवला जाणार असेल तर ती नावे दुसऱ्या पेशीत जुळवून, आलेखाच्या आत त्या पेशीशी जोडलेला मजकूर-चौकोन खाली ठेवावा.