रोज चालूनही मणके विरळ का होतात?

मावशी पंचावन्नच्या. पाळी जाऊन चार वर्षं झाली. रोज सकाळी सारसबागेभोवती तासभर चालणं कधी चुकत नाही. तरी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा, आला उणे 2.1. उणे 2.5 आणि त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, धरतात, म्हणजे त्या उंबरठ्यावरच. "मग एवढं चालून काय मिळालं?" हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

हाड आयुष्यभर थोडं थोडं उकरलं जातं आणि पुन्हा भरलं जातं. पुण्यातल्या रस्त्यांसारखंच, खोदणारे वेगळे आणि बुजवणारे वेगळे. ऑस्टिओक्लास्ट पेशी हाडाला चिकटून आम्ल सोडतात, त्यात खनिज विरघळतं, उरलेलं कोलॅजन विकरं तोडतात. एक खड्डा दोन-तीन आठवड्यांत तयार होतो. तो बुजवायला ऑस्टिओब्लास्टना मात्र तीन-चार महिने लागतात.

इस्ट्रोजेन या खोदकामाला आवर घालतं. पाळी गेल्यावर ते घटलं की ऑस्टिओक्लास्ट तयार करवणारा रँकएल हा संदेश वाढतो आणि त्या पेशी जास्त दिवस जगतातही. एकाच वेळी जास्त खड्डे उघडे राहतात आणि त्यातला प्रत्येक थोडा अपुराच भरतो. मणक्यात जाळीदार हाड जास्त, म्हणजे उकरायला पृष्ठभागही जास्त. म्हणून घट तिथे लवकर दिसते.

आता चालण्याकडे येऊ. हाडाच्या आत अडकलेल्या ऑस्टिओसाइट पेशींना भार कळतो. हाड किंचित वाकलं की त्यांच्याभोवतीच्या सूक्ष्म नळ्यांमधला द्रव सरकतो. मग त्या स्क्लेरोस्टिन कमी सोडतात. हे प्रथिन ऑस्टिओब्लास्टना रोखून धरतं, त्यामुळे ते घटलं की भरणी वाढते. पण या पेशी नेहमीच्या भाराला सरावतात. 1984 मध्ये रुबिन आणि लॅनयन यांनी पक्ष्याच्या पंखातल्या हाडावर ठरावीक भार देऊन पाहिलं. दिवसाला 4 वेळा भार दिला तर झीज थांबली, 36 वेळा दिला तर हाड वाढलं, पण त्यापुढे शेकडो वेळा देऊनही जास्तीचा फायदा झाला नाही. म्हणजे तास वाढवण्यापेक्षा भाराचा जोर आणि वेग बदलणं महत्त्वाचं.

त्यामुळे मावशींनी फेऱ्या वाढवू नयेत. पर्वतीच्या पायऱ्या जलद चढाव्यात आणि आठवड्यातून दोन-तीनदा हळूहळू वाढवत वजन उचलावं, तेही आधी शिकून. मणका आधीच दबला असेल तर उड्या आणि कंबर वाकवून उचलणं वर्ज्य. आणि एक खरं सांगायला हवं: व्यायामाने इस्ट्रोजेनची पूर्ण भरपाई होत नाही. गरज पडली तर औषध लागतंच, आणि ते डॉक्टरच ठरवतील.

पुढची डेक्सा त्यांनी तीन महिन्यांत करू नये. तोवर आजचे खड्डेच जेमतेम भरत आलेले असतात आणि यंत्राच्या मोजमापातला फरक खऱ्या बदलापेक्षा मोठा ठरू शकतो. साधारण वर्ष-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच यंत्रावर करावी.