पाळण्यांची रांग नसलेली गोष्ट

“दत्तक मुलाला ‘इतक्या बाळांतून आम्ही तुलाच निवडलं’ असं सांगणंच उत्तम, नाही का?”

नाही, शिवाय ते खरेही नसते. सर्वसाधारण प्रक्रियेत मुंबईतल्या पालकांना ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तकविषयक प्राधिकरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर प्रतीक्षायादीतील क्रमानुसार एका बालकाची माहिती येते आणि ४८ तासांत निर्णय कळवावा लागतो. तरीही काही चित्रपुस्तकांत पाळण्यांची रांग आणि त्यांतून बाळ निवडणारे आईबाबा दिसतात. दादरच्या घरात ते पान पाहणारे चार वर्षांचे मूल विचारते, “बाकीची बाळं का नाही घेतली?” पुढे सहा-सात वर्षांचे झाल्यावर, निवडले जाण्याआधी कोणीतरी आपल्याला सोडले असणार, हे त्याच्या लक्षात येऊ लागते आणि मग ‘निवड’ टिकवण्यासाठी शहाण्यासारखे वागण्याचे ओझे त्याच्यावर येते.

म्हणून पुस्तक घेताना पहिले पान पाहावे. गोष्ट संस्थेच्या दारापासून सुरू होत असेल, तर जन्माचे वाक्य आपणच जोडावे: “तूही सगळ्यांसारखाच एका बाईच्या पोटातून जन्मलास. मग तू आमच्याकडे आलास.” जन्मदात्रीबद्दल माहिती नसेल, तर “ते आम्हाला ठाऊक नाही” एवढेच सांगावे, ‘ती गरीब होती’ ही पदरची भर नंतर निस्तरणे अवघड जाते.